प्रतिसाद: ही वाघाटी आहेत

> सांगलीच्या बाजारात ही लिंबाएवढी गुळगुळीत हिरवी फळं दिसली. बाई म्हणाली, बारशीला घ्या. करटुली का? आणि करायची कशी?

करटुली नव्हेत. करटुल्याच्या अंगभर मऊ काटे असतात, यांची साल साफ आहे आणि फोटोत जाड, लांब देठही दिसतोय. ही वाघाटी, कुणी गोविंदफळही म्हणतात. वेलीला वाघनखासारखे वाकडे काटे असतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना आमच्याकडे ही भाजी लागतेच, म्हणून बाजारात ती मुख्यतः त्या दोन दिवसांतच दिसते, आणि भावही तसाच असतो!

वर कुणी चिरून थेट फोडणीत टाकायला सांगितलंय, तसं करू नका. मी पहिल्यांदा तेच केलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. कडूपणा बियांत जास्त. फळाचे चार भाग करा, चमच्याने बिया आणि गर खरवडून टाका, फक्त साल ठेवा. ती मीठ आणि चिंचेच्या पाण्यात मऊ होईतो उकडा, पाणी फेकून साल घट्ट पिळा. एक तुकडा चाखा. जीभ आखडली तर नव्या पाण्यात पुन्हा उकडा. मग मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट, दाण्याचा कूट, गुळाचा खडा. थोडा कडवटपणा राहतोच. पाव किलोची भाजी जेमतेम वाटीभर होते. पिवळट-लाल झालेली फळं घेऊ नका, भाजीला कच्चीच लागतात.