मदत हवी आहे: रक्तदाबाचा वरचा आकडा १६८ आणि खालचा ७२, तर रक्तदाब वाढलेला समजायचा की नाही?

मलप्रभाकाठ

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. गावातल्या आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून आम्ही दंडाला पट्टा बांधून मोजायचे यंत्र घरी आणले. त्यावर १६८/७२, १७२/७४, १६४/७० असे आकडे येतात. शिबिरातल्या नर्सबाईंनी स्टेथोस्कोप लावून मोजले तेव्हाही १६६/७० आले होते, त्यामुळे यंत्र बिघडले आहे असे मला वाटत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात की खालचा आकडा ८० च्या आत आहे, मग काळजीचे कारण नाही. माझे दीर म्हणतात की वयात शंभर मिळवायचे, म्हणजे १७१ पर्यंत चालते. सासूबाईंना डोकेदुखी नाही, चक्कर नाही, परसातले सगळे काम त्या स्वतः करतात, आणि म्हणूनच गोळी घ्यायला तयार नाहीत. मला इथे गोळीचे नाव विचारायचे नाही, त्यासाठी आम्ही डॉक्टरांकडे जाणारच आहोत. हे दोन आकडे नेमके कशाचे असतात आणि एक इतका वाढलेला असताना दुसरा अगदी चांगला कसा राहू शकतो, एवढे मला समजून घ्यायचे आहे, कारण ते समजल्याशिवाय मी त्यांची समजूत काढू शकत नाही.

वेदगंगा

मी निपाणीचा. आमच्या घरी वर्षानुवर्षे येणारे डॉक्टर नेहमी सांगत की खालचा आकडा हाच खरा रक्तदाब. वरचा आकडा जिना चढला, कोणाशी वाद झाला, अगदी दवाखान्याच्या बाकावर वाट पाहत बसावे लागले तरी वर जातो आणि पुन्हा खाली येतो. खालचा मात्र सहसा तसा हलत नाही. त्यामुळे ७२ असेल तर आपण फार चिंता करू नये असे मला वाटते. वयात शंभर मिळवायचा हिशेबही मी अनेक जुन्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे.

यळ्ळूर शिवार

ताई, माझेही अगदी असेच आहे. वय ४४, आकडे १३८/९६. मी मीठ कमी केले, लोणचे आणि पापड बंद केले, आणि आता ९२ पर्यंत आला आहे. सासूबाईंचे लोणचे आधी बंद करा, म्हणजे फरक पडेल.

चिकोडीचा जुना डॉक्टर

मलप्रभाकाठ, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्यांमधला दाब एकदा चढतो आणि पुढचा ठोका पडेपर्यंत हळूहळू उतरतो. चढून जिथे पोहोचतो तो वरचा आकडा, आणि उतरत उतरत पुढचा ठोका पडण्याच्या क्षणी जिथे आलेला असतो तो खालचा. म्हणजे दोन्ही आकडे एकाच धमनीतले आणि एकाच दाबाचे आहेत. वरचा हृदयाचा आणि खालचा मूत्रपिंडाचा, किंवा वरचा काळजीमुळे वाढणारा आणि खालचा खरा, अशी वाटणी पुष्कळ जण करतात, ती बरोबर नाही.

आता एक वाढलेला आणि दुसरा चांगला असे का होते ते पाहू. ठोका पडतो तेव्हा बाहेर पडलेले सगळे रक्त लगेच पुढे जात नाही. महाधमनी फुगते, त्यातला बराचसा भाग धरून ठेवते, आणि हृदय सैल पडले की पुन्हा आकसून तो पुढे ढकलते. पाठीवरच्या फवारणी पंपात दांडा थांबून थांबून मारला तरी फवारा अखंड येतो, तो त्यातल्या हवेच्या कोठीमुळे. तेच काम शरीरात महाधमनीची लवचीक भिंत करते. वयाबरोबर ही भिंत ताठर होत जाते. ताठर भिंत फुगत नाही, त्यामुळे ठोक्याचा सगळा जोर दाबात उतरतो आणि वरचा आकडा चढतो. रक्त साठवून ठेवलेलेच नसते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या काळात दाब टिकत नाही आणि खालचा आकडा उतरतो.

सासूबाईंच्या आकड्यांमध्ये १६८ वजा ७२, म्हणजे ९६ चे अंतर आहे. निरोगी तरुण माणसात हे अंतर साधारण ४० असते. म्हणून त्यांच्या बाबतीत ७२ हा दिलासा मानता येत नाही. ज्या ताठरपणामुळे वरचा १६८ झाला, त्यानेच खालचा खाली ठेवला आहे.

वेदगंगा, आपल्या डॉक्टरांचे म्हणणे निराधार नव्हते. वरचा आकडा जास्त हेलकावे खातो हे खरे, आणि तरुण वयात खालच्या आकड्याला महत्त्व आहे हेही खरे. पण पन्नाशीच्या सुमारास चित्र पालटते: त्यानंतर खालचा हळूहळू उतरू लागतो आणि वरचा चढतच राहतो, आणि उतारवयात पक्षाघाताचा धोका मुख्यतः वरच्या आकड्यावरून कळतो. वय अधिक शंभर हा हिशेब आता सोडून द्यावा. १९९१ साली अमेरिकेत एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात साठीच्या पुढची, वरचा आकडा १६० किंवा अधिक पण खालचा ९० च्या आत असलेली माणसे होती, म्हणजे सासूबाईंसारखीच. ज्यांना औषध दिले नाही त्यांच्यात पाच वर्षांत शंभरामागे सुमारे आठ जणांना पक्षाघात झाला, औषध घेणाऱ्यांत सुमारे पाच जणांना. त्रास जाणवत नाही म्हणून गोळी नको म्हणणाऱ्या माणसाला मी नेहमी हेच आकडे सांगत आलो आहे.

यळ्ळूर शिवार, आपले आकडे सासूबाईंसारखे नाहीत, बरोबर उलट आहेत. चाळिशीच्या आसपास मोठ्या धमन्या अजून लवचीक असतात, पण शेवटच्या बारीक धमन्या आवळलेल्या असल्या की रक्ताला पुढे जायला वाट कमी पडते, दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पुरेसा उतरत नाही आणि खालचा आकडा वर राहतो. तोही वाढलेला रक्तदाबच आहे. मीठ कमी केलेत हे उत्तम, पण ९२ वर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

शहापूरची परिचारिका

डॉक्टरसाहेबांनी कारण सांगितले आहे, मी फक्त मोजण्याविषयी विचारते. मलप्रभाकाठ, सासूबाई कुठे बसलेल्या असताना मोजता? आणि त्या मिसरी लावतात का?

मलप्रभाकाठ

सोप्यात चटईवर मांडी घालून बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि मी पट्टा बांधते. मिसरी सकाळी लावतात, त्यानंतर चहा, आणि मग आम्ही मोजतो. मोजताना त्या माझ्याशी बोलत असतात.

शहापूरची परिचारिका

यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वाढतो. हात मांडीवर असला की पट्टा हृदयाच्या पातळीच्या खाली जातो, आणि दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ अंक जास्त दिसतात. मिसरीतल्या तंबाखूने काही वेळ दाब चढतो, बोलण्यानेही चढतो. त्यांना टेकायला पाठ असलेल्या खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर टेकलेले असू द्यात, हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. पट्टा ब्लाऊजच्या बाहीवर बांधू नका, आणि बाही गुंडाळून तिचा फास दंडाला बसू देऊ नका. मिसरी आणि चहाच्या आधीच, लघवीला जाऊन आल्यावर, पाच मिनिटे गप्प बसवून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून लिहून ठेवा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

पट्ट्याची लांबीही पाहून घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो.

वेदगंगा

म्हणजे यंत्र चुकीचे दाखवते असेच झाले ना? आमच्याकडे अजून पाऱ्याच्या उपकरणावरच विश्वास आहे.

चिकोडीचा जुना डॉक्टर

यंत्र चुकले असे नाही, त्या क्षणी दाब खरोखरच तेवढा होता, फक्त तो विश्रांतीचा नव्हता. पाऱ्याच्या उपकरणातही हात खाली ठेवला तर तीच चूक होईल. दोन पद्धतींत फरक मात्र आहे. पट्टा फुगवून धमनी बंद केली आणि हवा हळूहळू सोडली की स्टेथोस्कोपमध्ये पहिली टकटक ऐकू येते तो वरचा आकडा, आणि आवाज नाहीसा होतो तो खालचा. कोरोत्कोव या रशियन डॉक्टरांनी १९०५ साली हे दाखवून दिले. घरचे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला बसणारे हेलकावे मोजून ते दोन्ही आकडे हिशेबाने काढते. ठोके अनियमित असतील तर तो हिशेब चुकतो, म्हणून यंत्रावर एकापाठोपाठ एक फार वेगवेगळे आकडे आले तर नाडी हाताने तपासावी आणि ठोके कमीजास्त अंतराने पडत असतील तर ईसीजी काढून घ्यावा.

मलप्रभाकाठ

सांगितल्याप्रमाणे आठवडाभर मोजले. सरासरी १५४/७० आली. म्हणजे वरच्या आकड्यातले पंधराएक अंक आमच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे वाढत होते.

शहापूरची परिचारिका

आणि उरलेले खरे आहेत. घरी मोजताना सरासरी १३५ च्या वर असली की रक्तदाब वाढलेला समजतात, दवाखान्यात मोजताना १४० च्या वर. तुमची १५४ आहे, त्यामुळे उपचाराचा विषय डॉक्टरांसमोर काढावाच लागेल. जाण्याआधी एक करा: बसून मोजल्यावर त्यांना उभे करा आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा.

मलप्रभाकाठ

बसून १५२/६८, उभे राहून एक मिनिटाने १३४/६४, तीन मिनिटांनी १३८/६६. चक्कर आली नाही असे त्या म्हणतात. पण मला आता वेगळीच भीती वाटते. गोळीने वरचा उतरला तर खालचाही उतरेल ना? तो आधीच कमी आहे.

वेदगंगा

हेच मी म्हणत होतो. खालचा ६० च्या खाली गेला तर हृदयालाच रक्त मिळणार नाही. या वयात गोळी सुरू न केलेलीच बरी.

चिकोडीचा जुना डॉक्टर

भीतीला आधार आहे, निष्कर्षाला नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः तो सैल पडलेला असताना, म्हणजे खालच्या आकड्याच्या काळात. म्हणून ज्यांच्या हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत त्यांचा खालचा आकडा ६० च्या खाली जाऊ लागला की आम्ही जपून पावले टाकतो. पण तो किती कमी झाला तर धोक्याचा, आणि अशा रुग्णांत तो कमी असणे हे कारण आहे की आधीच असलेल्या आजाराची खूण, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. यासाठी वरचा १५४ तसाच सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही. औषधाने वरचा आकडा खालच्यापेक्षा सहसा जास्त अंकांनी उतरतो, आणि कमी मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवता येते.

उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला तर आम्ही तो दोष धरतो. सासूबाईंचा वरचा १८ ने उतरला आहे, म्हणजे सीमेच्या अगदी जवळ. गोळी सुरू झाल्यावर हा उतार वाढला तर पहाटे अंथरुणातून उठताना पडण्याचा धोका असतो, म्हणून हे उभ्याचे आकडे डॉक्टरांना आवर्जून दाखवा. मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा इतिहास आहे का, तेही सांगा, आणि छाती तपासून घ्या. हृदयाची झडप गळत असेल, रक्त फार कमी असेल किंवा थायरॉईड वाढलेले असेल तरी दोन आकड्यांमधले अंतर असेच रुंदावते.

मलप्रभाकाठ

मधुमेह नाही. रक्त मात्र मागे एकदा कमी निघाले होते, तो कागद शोधून सोबत नेते. सासूबाईंना मी पंपाची गोष्ट आणि शंभरात आठ व पाच हे आकडे सांगितले. गोळी घेते असे त्या अजून म्हणालेल्या नाहीत, पण सोमवारी माझ्याबरोबर बेळगावला यायला तयार झाल्या आहेत.

यळ्ळूर शिवार

डॉक्टरसाहेब, माझ्या दोन्ही हातांचे आकडे वेगळे येतात, उजव्याचा वरचा १२ ने जास्त. कुठला धरायचा?

चिकोडीचा जुना डॉक्टर

जास्त आलेला धरा आणि पुढे नेहमी त्याच हातावर मोजा. फरक दर वेळी १० च्या वर राहत असेल तर तो का आहे हेही डॉक्टरांना विचारा.