पतसंस्थेच्या बॅकअपसाठी सहा लाख: संचालकांना कसं पटवायचं?

बेळगावकर: चार शाखा, सर्व्हर मुख्य शाखेत. सायबर सुरक्षा आणि बॅकअपसाठी सहा लाख मागितले. संचालक म्हणतात, "दहा वर्षांत काही झालं नाही, आत्ताच कशाला?" पुढच्या मीटिंगला काय मांडू?

निपाणीकर: हॅकरचं नावच काढू नका. दोन गोष्टी विचारा. सर्व्हर बसला तर काउंटर किती वेळ बंद चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर निभावेल? उत्तर संचालकांनीच द्यायचं. समजा बॅकअप रात्री होतो आणि सर्व्हर संध्याकाळी गेला. दिवसाची 900 व्हाउचरं, एकाला दोन मिनिटं, म्हणजे तीस तास. सहा क्लार्क बसले तर पाच तासांत भरून होतील. पण पिग्मीचं काय? कलेक्शन सर्व्हरवर चढवून एजंटचं मशीन रिकामं केलं की त्याचं व्हाउचर कुठं असतं? खातेदारांच्या दारोदार जाऊन पावत्या बघाव्या लागतील. म्हणून पिग्मी चढली की लगेच आणखी एक बॅकअप घ्यायचा. याला खर्च जवळजवळ नाहीच.

वडगावचा संचालक: पैसा सभासदांचा आहे. वार्षिक सभेत लाभांश कमी का, हे आम्हाला विचारतात, कॉम्प्युटरवाल्याला नाही. आमच्याकडे सर्व्हरला हार्ड डिस्क कायम लावलेली असते, रोज बॅकअप होतो. पुरे की!

निपाणीकर: साहेब, कायम लावलेली हाच घोळ आहे. रॅन्समवेअर सर्व्हरला दिसणाऱ्या डिस्कवरच्या फायलीही लॉक करतं. दोन डिस्का आलटून पालटून वापरा, एक दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. पण सहा लाख एकदम मागू नयेत, हे तुमचं बरोबर. आधी संचालकांसमोर जुन्या कॉम्प्युटरवर कालचा बॅकअप चढवा, ट्रायल बॅलन्स जुळतो का बघा. कधी फाइल असते, पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. मंडळाने "एक दिवस" म्हटलं आणि काम तीन दिवसांनी झालं, तर मधले दोन दिवस भरून काढायला जे लागतं तेवढंच मागा.

खानापूरवाला: 2019 च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या डेअरीचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. अँटिव्हायरस होता तरी! म्हणून म्हणतो, यात पैसे घालू नका.

निपाणीकर: पाण्यापुढं अँटिव्हायरस काय करणार, दादा? प्रत उंचावरच्या दुसऱ्या गावात हवी होती.

टिळकवाडी: नुसत्या बॅकअपवर भर मला पटत नाही. जुलै 2024 मध्ये लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं आणि जवळपास 300 लहान बँकांचे व्यवहार अडले. तिथं स्वतःच्या तिजोरीतली डिस्क काय कामाची? आणि खातेदारांची माहिती चोरीला गेली तर बॅकअप ती परत आणत नाही. सुरक्षेचे पैसे वेगळे मागा.

बेळगावकर: सर्व्हर आमचाच आहे, पण सॉफ्टवेअरवाल्याचा रिमोट अ‍ॅक्सेस चोवीस तास चालू असतो.

टिळकवाडी: तो आजच बंद करा. त्यांचा फोन आला की चालू करायचा, काम झालं की बंद. यालाही पैसा लागत नाही.

वडगावचा संचालक: हे मान्य. पण मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता सॉफ्टवेअर अडकलं, तर चालू करायला कोण बसणार?