रिसर्च गॅप वाचलेल्या पेपरमधूनच निघाला पाहिजे

> "वीस पेपर वाचले, गॅप लिहिला की 'आमच्या क्षेत्रात हायब्रिड कामावर अभ्यास झालेला नाही', तरी गाईड नाही म्हणतात. काय चुकतंय?"

अभ्यास झाला नाही एवढ्यावर गॅप होत नाही हो, तिथे उत्तर वेगळं का येईल ते सांगावं लागतं. एक उदाहरण घ्या. ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा नेचरमधला पेपर आहे, ट्रिप डॉट कॉम या चिनी ट्रॅव्हल कंपनीच्या १६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग, आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं तर नोकरी सोडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं, पण हा फरक मॅनेजर नसलेल्यांत दिसला, मॅनेजरमध्ये नाही. आता हे 'का' उरतंच ना, टीम सांभाळायचं ओझं वाढतं म्हणून की आणखी काही? तुमचा गॅप इथे आहे.

लिहिताना तीन वाक्यं पुरतात, काय माहीत आहे, कुठे अडतंय, आणि तुम्ही नेमकं काय मोजणार (इथे मॅनेजरचं समन्वयाचं ओझं आणि नोकरी सोडायचा इरादा).

लिटरेचर रिव्ह्यू एकेक पेपर घेऊन लिहू नका, 'अमुक यांनी असं म्हटलं' असाच प्रत्येक परिच्छेद सुरू होत असेल तर ती नुसती यादी झालीय. एक्सेलमध्ये नमुना, पद्धत, निष्कर्ष आणि कोणाला लागू नाही असे रकाने करा, तो शेवटचा रकाना भरताना गॅप आपोआप दिसायला लागतो.