साडेबारालाच का बोलावतात?

शबनम, जुने नाशिक: भाची यंदा नीटला बसतेय, सेंटर गंगापूर रोडला आलंय. ती स्कार्फ बांधते, कुर्ता पूर्ण बाह्यांचा. गेट दीडला बंद होतं, पण पारंपरिक पोशाख असेल तर साडेबारापर्यंत या, असं सूचनांमध्ये आहे. इतरांना दीड, आम्हाला साडेबारा. हा भेदभाव नाही का?

सातपूरकर: भेदभाव कसला, उलट सवलत आहे. माझ्या मुलाला फुल शर्ट चालत नाही, बूट चालत नाहीत, चप्पल घालून जावं लागतं. मग धर्माच्या नावाखाली पूर्ण बाह्या का चालाव्यात? २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्कार्फची मागणी फेटाळली. विषय तिथंच संपला.

आडगावची बाई: संपला नाही, दादा. सुप्रीम कोर्टानं तेव्हा हस्तक्षेप करायला नकार दिला हे खरं. पण त्याच जुलैत केरळ हायकोर्टानं दोन मुलींना स्कार्फ आणि पूर्ण बाह्या घालून बसू दिलं, गरज पडली तर तपासणी करू द्यायची या अटीवर. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं शीख मुलांना कडं आणि कृपाण ठेवू दिलं, पण एक तास आधी यायचं, असं सांगून. म्हणजे पोशाख ठेवा आणि वेळ द्या, असाच व्यवहार चालत आलाय.

आता शबनमताई, तो तास जातो कुठे ते सांगते. मी दोन वर्षं मुलींच्या तपासणीवर होते. पडद्याआड मी, हातातलं मेटल डिटेक्टर आणि बाहेर १२० मुलींची रांग. साध्या कुर्तीतल्या मुलीला वीस सेकंद लागतात, म्हणजे सगळ्या मिळून चाळीस मिनिटं. स्कार्फवालीला चार मिनिटं धरा. आधी डिटेक्टर डोक्यापाशी वाजतो, तो बहुतेक वेळा पिनांमुळे. मग ती पिना काढते, स्कार्फ सैल करते, मी दोन्ही कानांत बघते, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवते, चेहरा हॉल तिकिटावरच्या फोटोशी जुळवते. त्यानंतर तिला सगळं पुन्हा बांधायचं असतं, तेही आरशाशिवाय! अशा पाच जणी सव्वाला आल्या की वीस मिनिटं तिथंच गेली आणि दीडला गेट बंद. घाईत मग कुणीतरी ओरडतं, "काढून टाक ना सरळ." अपमान होतो तो तिथं.

मेघा, सिन्नर: मला तर तलाठी भरतीला मंगळसूत्र काढायला लावलं होतं! तेव्हा कुणी तास आधी बोलावलं नव्हतं. हिंदूंना नियम नाही का?

आडगावची बाई: मेघाताई, ती परीक्षा वेगळी, घेणारे वेगळे आणि त्यांच्या सूचनाही वेगळ्या. नीटची सूचना कुठल्या एका धर्माचं नाव घेत नाही, पारंपरिक पोशाख एवढंच म्हणते. तुमच्या वेळी हॉल तिकिटावर दागिन्यांबद्दल काय छापलं होतं, त्यावर तुमची तक्रार टिकेल की नाही ते ठरतं.

सातपूरकर: वेळेचं गणित पटलं. पण कानात ब्लूटूथ लपवायला स्कार्फइतकी सोपी जागा नाही, हेही कबूल करा. एक बाई थकून तीनशे कान बघणार का?

आडगावची बाई: कबूल. थकलेल्या हातून चूक होते, माझ्या हातूनही झाली असेल. पण मोकळ्या केसांआडही कान झाकतात, त्यांना कुणी साडेबाराला बोलावत नाही. माझं मत विचाराल तर बाई एक नाही, दोन हव्यात. सेंटर त्यासाठी माणूस देत नाहीत, हे खरं दुखणं.

सातपूरकर: मग सगळ्यांनाच साडेबाराला बोलवा. नियम एक, भांडण नाही.

आडगावची बाई: मे महिन्याच्या उन्हात? पण तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

शबनम, जुने नाशिक: तपासणीला पुरुष असला तर?

आडगावची बाई: मुलींची तपासणी बाईनंच, तीही बंदिस्त आडोशात, असा नियम आहे. पुरुष पुढे आला तर तिनं शांतपणे थांबून केंद्राधीक्षकांना बोलवा म्हणायचं. हे सव्वाला म्हणायची हिंमत होत नाही, बाराला होते. आणि प्लास्टर, पट्टा वगैरे वैद्यकीय कारण असेल तर ते गेटवर सांगून भागत नाही. हॉल तिकीट यायच्या आधीच नीट घेणाऱ्या एनटीएची परवानगी घ्यावी लागते.

शबनम, जुने नाशिक: भेदभाव वाटणं अजून गेलं नाही, खरं सांगते. पण रस्त्यातली कोंडी धरून अकरालाच निघू. काल आरशाशिवाय बांधायचा सराव केला तिनं, पिन न लावता, आत टोपी घालून. दुसऱ्या खेपेला दीड मिनिट लागलं.