लेन्स बदलली की रंग आणि उजेड उडी का मारतात?

मृण्मयी: बहिणीच्या रियाजाचा व्हिडिओ करतेय. मेन कॅमेऱ्यात तिचा चेहरा आणि मागे दिव्याने उजळलेली भिंत, भिंत छान सायीच्या रंगाची दिसते. ०.५ वर गेले की खिडकी फ्रेममध्ये येते, भिंत एकदम नारिंगी होते आणि चेहरा काळवंडतो. ३ वर गेले की चेहरा परत उजळतो. फोन बिघडलाय का? काय करू?

कॅमेरावेडा: बिघाड नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सचा प्रकार आहे. प्रो मोडमध्ये ३२०० केल्विनवर लॉक कर, तिन्ही लेन्स सारख्या दिसतील.

सुहास_के: माझंही तेच! अंधारात टेलिफोटोचे फोटो दाणेदार येतात. लेन्स पुसून पाहिली.

अनघा: सुहास, तुमचं वेगळं आहे. उजेड कमी असला की बरेच फोन ३ वर टेलिफोटो वापरतच नाहीत, मेनचंच चित्र कापून मोठं करतात. टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवून पाहा. चित्र तसंच राहिलं तर ते मेनचं.

मृण्मयी, मेनला फक्त दिव्याचा उजेड दिसतो, म्हणून फोन तो पिवळेपणा काढून टाकतो. अल्ट्रावाइडला खिडकीतला दिवसाचा उजेडही दिसतो. मग तो त्याला पांढरा धरतो आणि भिंत नारिंगी राहते. खिडकी भगभगीत असल्यामुळे एक्स्पोजरही खाली जातं. आधी खिडकीला जाड पडदा लावून बघ, निम्मं काम तिथेच होईल.

मृण्मयी: पडदा लावला, ३२०० लॉक केलं. नारिंगीपणा गेला! पण ०.५ वर भिंत किंचित हिरवट दिसते आणि ३ वर चित्र थोडं काळोखं.

अनघा: काळोखं होणं हिशेबाने येतं. समज मेन एफ/१.८ आणि टेलिफोटो एफ/२.८ आहे. शटर तेच ठेवलं तर प्रकाश साधारण ४० टक्केच पोहोचतो. मेनवर आयएसओ १०० असेल तर टेलिफोटोवर २४० च्या आसपास हवा. तू एक्स्पोजरही लॉक केलंस ना? मग फोन ते वाढवत नाही. तिथे हाताने वाढव.

हिरवटपणा मात्र लॉकने जाणार नाही. प्रत्येक सेन्सरवरचे रंगाचे फिल्टर वेगळे असतात. कारखान्यात ठरावीक दिव्यांखाली मोजून ते एकमेकांशी जुळवतात. तुझा एलईडी दिवा त्या दिव्यांसारखा नसेल तर तीच भिंत दोन सेन्सरना दोन रंगांची दिसते. खात्री करायची तर एक कोरा कागद घे, पूर्ण फ्रेम भरेल इतका जवळ धर, फोनची सावली पडू देऊ नकोस. लॉक तसंच ठेवून आधी दिव्यात, मग दिवसाच्या उजेडात तिन्ही लेन्सनी टिप.

कॅमेरावेडा: हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं केल्विन एकच ठेवलं की झालं.

मृण्मयी: केलं. दिवसाच्या उजेडात तिन्ही कागद जवळजवळ सारखे, दिव्यात अल्ट्रावाइडचा हिरवट.

अनघा: मग दिवाच कारणीभूत. एडिटिंगमध्ये फक्त ०.५ च्या क्लिपचा टिंट जरा मॅजेंटाकडे सरकव.

मृण्मयी: सरकवला, भिंत जुळली. पण आता तिची त्वचा गुलाबी दिसतेय. दिवा बदलून बघू का?