मदत हवी आहे: खोडलेल्या शब्दाखालची ओळ फोटोत वाचता येईल का?

तापीकाठ: दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय, संपादकांचा तगादा चालू आहे. अमळनेरच्या एका जिनिंगमधला कारकून जुन्या खतावणीच्या फोटोत खोडलेल्या शब्दाखाली दडलेली ओळ वाचतो. हे खरंच होऊ शकतं का? लवकर सांगा.

बोरू: शाई कोणती? फोटो रंगीत आहे का? आणि एका शब्दाखाली अख्खी ओळ मावली कशी?

केळीबाग_रावेर: अतिनील दिवा धरायचा, सगळं दिसतं.

तापीकाठ: दिवा कशावर धरणार? वही हरवलीय, फोटोच उरलाय! रंगीत आहे, मोबाइलवर काढलेला. ओळ मोडीत, बारीक, काळ्या शाईत. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'फिटले' लिहून तेही खोडलंय, दोन्ही निळ्या शाईत.

पिक्सेलवाला: सोपं आहे. फोटोतला फक्त लाल रंगाचा थर बघायचा, निळं गायब.

बोरू: उलट होईल. निळी शाई लाल प्रकाश शोषते, त्यामुळे लाल थरात ती आणखी गडद दिसते. निळा थर घ्यायला हवा. तिथे निळी शाई कागदाइतकी उजळते आणि काजळीची काळी शाई प्रत्येक थरात काळीच राहते, म्हणून खालची ओळ वर येते. GIMP मध्ये Colors > Components > Decompose केलं की तीन थर वेगळे मिळतात, कारकुनाला तेवढं पुरे. मात्र फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नको. तिथे फोटो लहान होतो, त्यात जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेड-अंधारापेक्षा ढोबळ साठवलेली असते. बोरूच्या बारीक रेषेभोवती निळं-काळं एकमेकांत मिसळून जातं. कारकुनाला मूळ फाइल मिळवायला लावा, कथेलाही तिथे वळण मिळेल.

पिक्सेलवाला: माझ्या एका पावतीवर लाल थरानेच काम झालं होतं.

बोरू: तिथे खोडलेलं लाल शाईत असणार. खोडणारी शाईही काजळीची असती, तर कुठलाच थर कामाचा नव्हता.

वाघूर: आमच्या पणजोबांची नोंद कोतवाल बुकात मोडीत आहे, जातीच्या दाखल्यासाठी हवी आहे. जळगावात वाचून देणारं कोणी आहे का?

केळीबाग_रावेर: कारकून बोलतो कसा? अमळनेरचा असेल तर अहिराणी. आमच्याकडची लेवा बोली त्याच्या तोंडी घालू नका.

तापीकाठ: अहिराणीच आहे. बोरू, ओळ पूर्ण वाचता येईल का?

बोरू: निळी शाई जिथे दाट साचलीय, म्हणजे अक्षरांच्या वळणांवर आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे, निळ्या थरातही डाग राहतील. मोडीत तर शिरोरेघ आधी आखून अक्षरं तिला टांगलेली, शब्द तोडलेले नसतात. त्यामुळे आकडा आणि नाव कळेल, पण क्रियापद डागाखाली गेलं तर 'दिले' की 'घेतले' हा वाद राहील.

तापीकाठ: मग तो वाद कथेत ठेवतो. पण रक्कम जमेच्या बाजूला आहे की नावेच्या, यावरून ते ठरणार नाही का?

वाघूर: माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?