अनुभव धागा: दारूवर गांजा, आणि दहा मिनिटांत पांढराफटक

भोवरा: दोन तास आरामात पीत बसलेला माणूस शेवटी जॉइंटचे दोन-तीन कश मारतो आणि थोड्याच वेळात गप्प होतो. कपाळावर घाम येतो, ओठ पांढरे पडतात, "गरगरतंय" म्हणत तो उठू पाहतो आणि बाथरूमच्या दारात कोसळतो. परदेशी मंडळी याला 'ग्रीनिंग आउट' म्हणतात. नुसत्या दारूवर किंवा नुसत्या गांजावर ज्याचं कधी बिघडत नाही, त्याचंही दोन्ही एकत्र आले की बिघडतं. असं का होतं आणि त्या अर्ध्या तासात काय करायचं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. "आमच्या ग्रुपची धमाल" नको.

रात्रपाळी: कॅज्युअल्टीत असे पेशंट येतात तेव्हा मित्र सांगतात, "विष चढलंय." खरं तर बहुतेकांचं प्रेशर पडलेलं असतं. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, गांजाने आणखी सैलावतात. त्याची भरपाई करायला हृदय धावतं. कश घेतल्यावर नाडी मिनिटाला 20 ते 50 ठोक्यांनी वाढू शकते. माणूस बसलेला असेपर्यंत हे निभतं. उभा राहिला की रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पांढरा चेहरा, थंडगार घाम, मळमळ ही चक्कर येण्याआधीची नेहमीचीच लक्षणं. म्हणून पहिला नियम असा की त्याला उठवायचं नाही. "चल, बाहेर मोकळ्या हवेत जाऊ" म्हणून जिन्याकडे नेलेले लोक डोकं फोडून आमच्याकडे येतात.

मापात_पाप: आकडे मांडून पाहू. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्क्यांची, म्हणजे 41 ग्रॅम अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा पेग म्हणजे 20 ग्रॅम. थोडक्यात, "मी फक्त एक बिअर प्यायलोय" म्हणणारा दोन लार्ज पेग मारून बसलेला असतो. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. साडेआठला सुरू केलेली बाटली दहाला संपली, तर त्या वेळी 25 ग्रॅमहून जास्त अजून अंगात आहे. आणि नेमका तेव्हाच जॉइंट फिरतो.

पुढची गोष्ट महत्त्वाची. 2015 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना आधी थोडी दारू देऊन मग गांजाची वाफ ओढायला दिली. गांजातलं मुख्य नशेचं द्रव्य म्हणजे टीएचसी. जास्त जोराच्या मालाने त्याची रक्तातली सर्वोच्च पातळी दारूविना लिटरमागे 42 मायक्रोग्रॅम होती, दारूसोबत 67 झाली. माल तोच, रक्तातलं टीएचसी दीडपटीहून जास्त. रोज दोन कशांची सवय असलेल्याला त्या रात्री ते तीनाचं काम करतात, आणि त्याला ते कळलेलं नसतं.

गोडबोले_काका: एवढं काही नसतं हो. साखर पडते. उपाशी पोटी प्यायले की हेच होणार. गुळाचा खडा तोंडात टाका, पाच मिनिटांत उठून बसेल.

रात्रपाळी: काका, अर्धं बरोबर. उपाशी पोटी दारूने साखर उतरू शकते, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यात तर नक्की तपासावी. पण चखणा भरपूर खाल्लेलेही असेच पडतात, आणि त्यांची साखर मोजली तर ठीक असते. गूळ खाऊन बरं वाटतं, कारण ती पाच मिनिटं तो आडवा असतो! आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, घशात अडकेल. पूर्ण शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी किंवा लिंबू सरबत चालेल.

कानसेन: गरगरण्याचं थोडं वेगळं आहे. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत एक मऊ पडदा. डोकं वळलं की द्रव त्या पडद्याला ढकलतो आणि मेंदूला कळतं. दारू त्या पडद्यात आधी मुरते, द्रवात नंतर. मधल्या काळात पडदा हलका होऊन तरंगतो, आणि तुम्ही स्थिर पडलेले असताना मेंदूला "फिरतोय" अशी बातमी जाते. हे पिण्यानंतर अर्ध्या तासात सुरू होऊन तीन-चार तास चालतं. आडवं पडल्यावर आणि डोळे मिटल्यावर जास्त जाणवतं. गांजाचा परिणाम तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवरही होतो, त्यामुळे ही खोटी बातमी दुरुस्त करणाराच झोपलेला असतो.

भोवरा: मग घोळ झाला की. प्रेशरसाठी आडवं करायचं आणि आडवं केलं की गरगर वाढते?

कानसेन: तीच तर कसरत आहे. सपाट उताणं नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली एक पातळ उशी, वरचा गुडघा दुमडून पुढे. डोळे उघडे ठेवून एकाच गोष्टीकडे पाहायला सांगा, पंख्याकडे सोडून! भिंतीवरचं स्विचबोर्ड उत्तम. हाताचा तळवा जमिनीला टेकवला तरी बऱ्याच जणांना आधार वाटतो. कुशीवर ठेवण्याचं मोठं कारण उलटी. उताण्याच्या श्वासनळीत जाते.

शांतादुर्गा_८८: मला हे रोज सकाळी होतं. मळमळ, उलट्या, गरम पाण्याने अंघोळ केली की तासभर बरं. दारू तर महिन्यातून एकदाच. गांजा मात्र आठ वर्षं रोज. म्हणजे हेच ना?

रात्रपाळी: नाही, हे वेगळं. रोजच्या, वर्षानुवर्षांच्या सेवनाने होणारा उलट्यांचा विकार असू शकतो. गरम पाण्याने बरं वाटणं ही त्याची मोठी खूण. डॉक्टरांना गांजाचं खरं सांगा, नाहीतर ॲसिडिटीच्या गोळ्यांवरच वर्ष जाईल. पूर्ण बंद केल्याशिवाय तो थांबत नाही.

धुळवडकर: भांगेचं गणित कुणी काढलं नाही. ओढलेल्याचा जोर दहा मिनिटांत कळतो. भांग पोटातून जाते, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत पत्ता नसतो. धुळवडीला लोक अकराला ग्लासभर थंडाई पितात, बारापर्यंत काही नाही म्हणून बिअर उघडतात, आणि एकला दोन्ही एकदम चढतात, तेही उन्हात, घामाने पाणी गेलेल्या अंगावर. ओढलेल्याचा त्रास तास-दोन तासांत उतरतो, भांगेचा सहा-आठ तास रेंगाळू शकतो.

मापात_पाप: आधी गांजा, मग दारू हा क्रम सुरक्षित, असं काहीजण छातीठोक सांगतात. पटत नाही. गांजाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, दारू हळू चढते, म्हणून माणूस "चढतच नाही" म्हणत आणखी ओततो.

धुळवडकर: तरी दारूवर गांजापेक्षा ते बरं. निदान पडणारे कमी पाहिलेत.

मापात_पाप: पडणारे कमी, उलटी न होता जास्त पिणारे जास्त. थोड्या गांजाने उलटीची भावना दबते, आणि जास्त झालेली दारू पोटातच राहते. कुठलं वाईट, तुम्हीच ठरवा.

टेलमी: मी प्रेशरची गोळी घेतो, रात्री. पार्टीच्या दिवशी चुकवली तर?

रात्रपाळी: स्वतःच्या मनाने चुकवू नका, डॉक्टरांना विचारा. त्या गोळीवर हे मिश्रण केलं की प्रेशर आणखी पडतं, एवढं नक्की.

आणि 108 कधी, तेही लिहून ठेवते. जोरात चिमटा काढूनही जागा होत नसेल, मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत 10 सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर असतील, छातीत दुखत असेल, झटका आला असेल, तर थांबू नका. घोरतोय म्हणजे मस्त झोपलाय, असंही समजू नका. एकजण जवळ बसा. कुशीवर झोपवलेल्याच्या पाठीशी भरलेली सॅक लावा, नाहीतर तुम्ही जेवायला गेलात की तो लोळून परत उताणा होतो.